डंकनचा मावसभाऊ

कुसुमाग्रजांनी 'मॅकबेथ'चं मराठी रूपांतर केलं, ते 'राजमुकुट' १९५४ साली आलं. बंगालीत गिरीशचंद्र घोष यांनी हेच नाटक १८९३मध्ये कलकत्त्याच्या मिनर्व्हा थिएटरात आणलं. नाशिकच्या माणसाला काय आणि कलकत्त्याच्या काय, पहिल्याच अंकात एक शब्द अडवतो. राजा डंकन मॅकबेथला 'कझिन' म्हणतो. हा भाऊ आईकडून की वडिलांकडून?

आपल्याकडे चुलत, आते, मामे, मावस अशी चार घरं. बंगालीत पाच, कारण वडिलांच्या थोरल्या भावाचा मुलगा जाठतुतो आणि धाकट्याचा खुडतुतो. पुढे पिसतुतो, मामातो, मासतुतो. जाठा म्हणजे ज्येष्ठ तात. खुडो हा 'क्षुद्र'पासून, म्हणजे धाकटा. आपला चुलता त्याच कुळातला, क्षुल्ल-तात. मात्र मराठीत हा 'धाकटा बाप' पुढे थोरल्यालाही लागू झाला आणि एक घर मिटलं. बंगालीनं ते राखलं.

शेक्सपिअर नातं उलगडत नाही. त्यानं कथा जिथून उचलली, त्या हॉलिनशेडच्या बखरीत ते मिळतं. राजा माल्कमला दोन मुली होत्या. बिअॅट्रिसचा मुलगा डंकन, डोआडाचा मॅकबेथ. म्हणजे सख्खे मावसभाऊ, बंगालीत मासतुतो. मला इथे फार आनंद होतो, कारण 'कझिन'चं मूळ लॅटिन 'कॉन्सोब्रीनुस' आहे, त्यात बहीण दडलेली आहे, आणि त्याचा जुना अर्थ बहिणी-बहिणींची मुलं, म्हणजे मावसभावंडंच. 'अंकल'सुद्धा 'आवुन्कुलुस'वरून आला, तो फक्त मामा. काकाला लॅटिनमध्ये 'पात्रुउस' असा वेगळा शब्द होता. इंग्रजीनं हे भेद पुढे सोडून दिले.

मग डंकनच्या तोंडी 'मासतुतो भाई' घालावं का? घालू नये. एक तर असा शब्द नातं सांगायला असतो, हाक मारायला नाही; आपणही 'अरे मावसभाऊ' म्हणत नाही. दुसरं, बंगालीत 'चोरे चोरे मासतुतो भाई' ही म्हण इतकी रुळलेली आहे की राजा असं म्हणाला तर प्रेक्षक हसेल. डंकन वयस्क आहे; झोपेत तो लेडी मॅकबेथला आपल्या बापासारखा दिसतो. म्हणून राजाची हाक नुसती 'भाई', आणि नातं दुसऱ्या पात्राच्या बोलण्यातून कळावं.

आणि प्रत्येक कझिन भाऊही नसतो. पहिल्याच अंकात बँको रॉस आणि अँगसला 'कझिन्स' म्हणून बाजूला बोलावतो. ते नातं नव्हे, सरदारांची दरबारी रीत आहे. तिथे मराठीत 'मित्रहो' पुरतं.