वाटा, पाणी आणि पाऊल

वाचकहो, खानदेशातल्या एखाद्या गावी जा. ओट्यावर चार मंडळी बसलेली असतात. घरातल्या एका भावाचा पाय मळणीयंत्रात किंवा अपघातात गेलेला असतो. दवाखान्यातून तो घरी येतो न येतो तोच कोणी वडीलधारा मोठ्या मायेने म्हणतो, “भाऊ, आता तुझ्याच्यानं शेती काय होणार? तू हक्क सोडून दे. तुला दोन घास आम्ही घालूच की!” बोलणाऱ्याच्या मनात कपट असतेच असे नाही. पण त्या ‘दोन घासां’मागे फार जुना इतिहास उभा आहे, आणि तोच आज आपल्यापुढे मांडायचा आहे.

आपल्या जुन्या धर्मशास्त्रात वारसाहक्क नसलेल्यांची एक यादी आहे. याज्ञवल्क्य स्मृतीत त्या यादीत आंधळा आहे, वेडा आहे आणि पांगळाही आहे. त्यांना अन्नवस्त्र द्यावे, पण वाटा देऊ नये, असा तिथला नियम. म्हणजे पोसायचे, पण मालक करायचे नाही. इंग्रजी अमदानीतल्या न्यायालयांनी हा नियम थोडा आवळला. व्यंग जन्मापासूनचे आणि बरे न होणारे असेल तरच वाटा बुडेल, असा त्यांचा साधारण कल होता. पण नियम मोडला तो १९२८ साली. त्या वर्षी मध्यवर्ती कायदेमंडळाने कायदा केला, की जन्मतः वेडा किंवा जडबुद्धी असलेला माणूस सोडून इतर कोणालाही केवळ रोगामुळे किंवा शारीरिक व्यंगामुळे वारसाहक्कापासून अथवा एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतील वाट्यापासून दूर ठेवता येणार नाही. पुढे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने उरलासुरला अपवादही काढून टाकला.

आता गंमत पाहा. १९२८ पासून कायदा पांगळ्याला वाटेकरी म्हणतो, आणि ओटा अजून त्याला पोसणेकरी म्हणतो! कायद्याने वाटा हिरावून घेता येत नाही, म्हणून तो ‘सोडून’ घेतला जातो. फरक एवढाच, की पूर्वी शास्त्र वाटा काढून घेई. आता माणूस स्वतःच्या सहीने देतो.

पण ज्याला जमीन कसता येत नाही, त्याने ती ठेवून तरी काय करायचे, असे कोणी विचारील. या प्रश्नाचे उत्तर मुंबई राज्याच्या १९४८ च्या कूळकायद्यात सापडते. पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश, म्हणजे पुढचे जळगाव व धुळे हे जिल्हे, तेव्हा मुंबई राज्यातच होते, त्यामुळे तो इथेही लागू झाला. ‘कसेल त्याची जमीन’ हे त्याचे सूत्र. १ एप्रिल १९५७ या ‘कृषकदिनी’ कुळे मालक झाली. पण ‘जातीने जमीन कसणे’ म्हणजे काय, याची व्याख्या करताना कायदा करणाऱ्यांनी विधवा, अज्ञान मूल, सैन्यातला शिपाई आणि शारीरिक वा मानसिक दौर्बल्य असलेला माणूस यांचा वेगळा विचार केला. यांची जमीन गड्याने, मजुराने किंवा कुळानेही कसली, तरी ती त्यांनी जातीनेच कसली असे धरायचे! पायाने अधू असलेल्या शेतकऱ्याच्या जमिनीवरचा कुळाचा खरेदीचा हक्क त्यामुळे लांबणीवर पडला. तो कायमचा मिटला मात्र नाही. मालक वारला किंवा त्याचे दौर्बल्य संपले, की तो पुन्हा जागा होई. तरीही तत्त्व मोलाचे आहे: नांगरामागे चालणे म्हणजेच शेती करणे नव्हे. काय पेरायचे, कधी पेरायचे, किती खर्च करायचा हे जो ठरवतो आणि नफानुकसान ज्याच्या अंगावर येते, तोही शेतकरीच.

हे तत्त्व सरकारने शोधून काढले असे मात्र समजू नका. धुळ्याकडची मंडळी ते पांझरेच्या काठी तीन-चारशे वर्षे पाळत आली आहेत. मी फडपद्धतीविषयी बोलतो आहे. नदीला दगडी बंधारा, त्यातून कालवा, आणि कालव्याखालच्या जमिनीचे तीन-चार मोठे तुकडे, तेच फड. एका फडात त्या साली एकच पीक घ्यायचे, म्हणजे एका फडात ऊस तर दुसऱ्यात गहू, आणि पुढच्या साली फेरपालट. प्रत्येक शेतकऱ्याची थोडी थोडी जमीन बहुतेक फडांत असे. आणि पाणी? ते प्रत्येकाने रात्री कंदील घेऊन आपापले भरायचे नाही. कालव्याची दारे पाहायला पाटकरी, शेतात पाणी फिरवायला बारेकरी, पिकाची राखण करायला जागल्या आणि या साऱ्यांवर हवालदार. ही सगळी माणसे गावाने मिळून नेमलेली, आणि त्यांचा मोबदला सर्वांनी आपापल्या जमिनीच्या मानाने द्यायचा.

यात अधू माणसाचा फायदा कोठे, ते लक्षात घ्या. शेतीतले त्याला सर्वांत अवघड काम म्हणजे बारे देणे. निसरड्या बांधावरून, अंधारात, पाण्यात उभे राहून मातीची दारे फोडायची आणि बांधायची. फडात हे काम मुळात कोणीच एकट्याने करीत नव्हते. धडधाकट मालकाच्या शेतात जो बारेकरी जाई, तोच अधू मालकाच्या शेतातही जाई, आणि पाण्याची पाळी पायांकडे पाहून नव्हे, तर शेताच्या जागेप्रमाणे येई. म्हणजे त्याला कोणी वेगळी सवलत दिली नव्हती. व्यवस्थाच अशी होती की सवलतीची गरज पडू नये. पुढे नदीवर वरच्या बाजूला धरणे झाली, विहिरी आणि पंप आले, अनेक ठिकाणी फड मोडले. जो तो आपल्या विहिरीचा धनी झाला, आणि रात्रीच्या विजेवर जो तो आपले पाणी भरू लागला. तेव्हा अधू माणूस पुन्हा एकटा पडला. आज ज्याला ठिबक परवडते, त्याचे हे काम पुष्कळ हलके होते. दारे फोडायची नाहीत, कॉक फिरवायचा. पण ठिबकाला पैसा लागतो, आणि पैशासाठी सोसायटी गाठावी लागते.

आता सोसायटीचे पाहू. आपल्याकडे सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा १९०४ चा. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा १९६० चा. तो २६ जानेवारी १९६२ पासून अमलात आला. सभासद होण्यासाठी त्यात हातापायांची अट नाही. करार करण्यास कायद्याने पात्र असला, की माणूस पात्र. पुरेशा कारणाशिवाय संस्थेला अर्ज नाकारता येत नाही, नाकारला तर निबंधकाकडे दाद मागता येते, आणि तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर तो सभासद झाला असे मानले जाते. म्हणून अर्ज तोंडी करू नये. लेखी द्यावा आणि पोच घ्यावी.

मग अडते कोठे? दोन ठिकाणी. गावची विकास सोसायटी पीककर्ज देते ते सातबाऱ्यावरचे क्षेत्र आणि त्यावरचे पीक पाहून. हक्कसोड झाली की सातबाऱ्यावरून नाव गेले, आणि नाव गेले की कर्जही गेले. दुसरी अडचण मताची. एका सभासदाला एक मत, आणि ते त्याने स्वतः येऊन द्यायचे. दुसऱ्याच्या हाती मत पाठवता येत नाही. नियम चांगला आहे, नाही तर गावचे पुढारी मतांचे गठ्ठे करतील. पण सभा माडीवर भरली, की ज्याला जिना चढता येत नाही त्याचे मत खालीच राहते. अशा सभासदाने सभेची नोटीस येताच ‘सभा तळमजल्यावर घ्यावी’ असा लेखी अर्ज द्यावा. मागणी साधी आहे, आणि तिला खर्चही लागत नाही.

आता पावलाकडे येऊ. समजा, एका शेतकऱ्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेला आहे. काळी कपाशीची जमीन, बैलजोडी घरची. वखराची पास दीड फुटाची असेल, तर एक एकर वखरताना माणूस जवळजवळ नऊ किलोमीटर चालतो. हे काम त्याने सोडून द्यावे, मजुराकडे किंवा ट्रॅक्टरकडे द्यावे. पण निंदणी, कपाशी वेचणी, शेतावर देखरेख, बाजार ही कामे त्याला करता येतात. मात्र पाय त्या जोगता हवा. विलायती धर्तीच्या पायाचा घोटा ताठ असे आणि त्याला बूट लागे. तो घालून उकिडवे बसता येत नसे, चिखलात जाता येत नसे. म्हणून लोक तो खुंटीला टांगून कुबडी घेत. जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयातले डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी हे ओळखले, आणि १९६८ च्या सुमारास रबराचे पाऊल घडवले. आत स्पंजासारखे रबर आणि लाकडाचा ठोकळा, वरून टायरच्या जातीचे रबर, आणि सगळे साच्यात शिजवलेले. ते सर्व बाजूंना लवते, भिजले तरी चालते, अनवाणी वापरता येते, आणि उकिडवे बसून खुरपे चालवता येते.

पण त्यालाही मर्यादा आहेत. काळी माती ओली असली की पावलाला मणभर चिकटते आणि खोबणीत खुंट ओढला जातो. म्हणून वाफसा आल्याशिवाय शेतात उतरू नये. संध्याकाळी पाय काढून खुंट नीट पाहावा. लाली पंधरा-वीस मिनिटांत गेली तर ठीक. राहिली तर खोबण घासते आहे, आणि ती दुरुस्त होईपर्यंत पाय घालू नये. खुंटावरचा मोजा रोज धुवावा, ओला घालू नये. काही महिन्यांत खुंट आटतो, पाय वरखाली सरकू लागतो. तेव्हा मोजे वाढवून भागत नाही, खोबण नवी लागते. पाय गुडघ्याच्या वर गेला असेल, तर उकिडवे बसणे या पायानेही कठीणच. तिथे उभ्याने चालणारे लांब दांड्याचे कोळपे बरे.

पाऊल मिळाले तरी वाटा नसेल, तर ते पाऊल दुसऱ्याच्या शेतात पडते. आणि वाटा असेल, पण बारे द्यायला आणि मत द्यायला जागा नसेल, तर तो वाटा कागदावरच राहतो. जुन्या फडकऱ्यांना ही तिन्ही एकत्र बांधायची हातोटी होती. म्हणून ओट्यावर हक्कसोडीचा कागद पुढे आला, तर त्या भावाला एवढेच सांगा: मजूर लाव, बटाईने दे, बारे दुसऱ्याला सांग, पण सही करू नकोस. पाय गेला आहे. शेतकरीपण गेलेले नाही.