विशेषांकाचा संदर्भ

नियतकालिकाच्या विशेषांकाचा संदर्भ दोन प्रकारे देतात. उदाहरणार्थ, ‘जर्नल ऑफ साउथ एशियन लिटरेचर’चा 1982 मधील खंड 17, अंक 1 हा ‘अ मराठी सँपलर’ नावाचा मराठी साहित्यविशेषांक असून त्याचे संपादन एलिनॉर झेलिएट व फिलिप एंगब्लोम यांनी केले. संपूर्ण विशेषांकाविषयी लिहिताना आरंभी संपादकांची नावे ‘संपा.’सह, मग विशेषांकाचे शीर्षक, नियतकालिक, खंड, अंक व वर्ष येते, पृष्ठांक नसतात. त्यातील एकाच कवितेचा आधार घेतल्यास कवी व कवितेचे शीर्षक आधी, अनुवादक त्यानंतर आणि शेवटी पृष्ठांक देतात. संपादकीय प्रस्तावना हाही स्वतंत्र लेखच मानतात. खंड-अंक गाळल्यास विशेषांक स्वतंत्र ग्रंथ वाटतो आणि ग्रंथालयात नियतकालिकाच्या नोंदीत शोधला जात नाही.