मंगळ सातवा की सहावा? वधूपित्याच्या पत्राचा एक खर्डा

खासगी कागदपत्रांवर काम करायचं ठरवलंत तर लग्नाच्या बोलणीची पत्रं तुम्हाला हमखास भेटतील. बहुतेकांत तेच ते असतं: मुलीचं शिक्षण, उंची, पत्रिकेची नक्कल, ‘उत्तराची वाट पाहतो’. पण नकार आल्यानंतर मुलीच्या बापाने लिहिलेलं पत्र फार क्वचित सापडतं. नकाराला उत्तर द्यायची रीतच नव्हती. माझ्या कामात असं एक पत्र आलं, 1946 सालचं. मुंबईतल्या एका रेल्वे कारकुनाने पुण्याच्या वरपित्याला लिहिलेलं. कुटुंबाला दिलेल्या शब्दामुळे नावं सांगत नाही.

आधी एक साधा प्रश्न विचारा: हा कागद कुठे मिळाला? पत्र पुण्याला गेलं असेल तर ते पुण्याच्या घरात असायला हवं. मला ते मुलीच्या माहेरच्या ट्रंकेत मिळालं. म्हणजे हा खर्डा आहे. पाठकोऱ्या कागदावर, खाडाखोड केलेला, शेवटी सही नाही. पाठवलं की नाही हे या कागदावरून सिद्ध होत नाही. म्हणून ‘वधूपित्याने वरपक्षाला सुनावलं’ असं वाक्य प्रबंधात लिहायचं नाही. मी पहिल्या मसुद्यात ते लिहिलं होतं आणि मार्गदर्शकांनी त्याखाली लाल रेघ ओढली. त्या बदल्यात खर्डा एक मोठी गोष्ट देतो. माणसाने काय लिहिलं आणि मग काय खोडलं, दोन्ही दिसतं.

आता मजकूर. पुण्याहून आलेल्या पोस्टकार्डावर कारण दिलं होतं की मुलीला कडक मंगळ आहे. बापाचा पहिला मुद्दा घड्याळाचा आहे. मुलीचा जन्म 1926 च्या दिवाळीतला, अमावास्येच्या सकाळचा, गिरगावात, 7 वाजून 20 मिनिटांनी. तो म्हणतो, ही वेळ मुंबई टाइमची; तुमच्या ज्योतिषांनी ती स्टँडर्ड टाइम धरली.

हे नुसतं शब्दात पकडणं नव्हतं. स्टँडर्ड टाइम 1906 पासून लागू झाला, पण मुंबई शहराने आपली वेळ सोडली नाही. ती 39 मिनिटं मागे असायची आणि 1955 पर्यंत शहरात दोन्ही वेळा नांदत होत्या. रेल्वे स्टँडर्ड टाइमवर चालायची. हा माणूस दिवसभर ऑफिसात एका वेळेवर आणि घरी दुसऱ्या वेळेवर जगत होता, त्यामुळे फरक त्याला बरोब्बर ठाऊक होता.

तो फरक पत्रिकेत कुठे पडतो ते पाहू. जन्मवेळी पूर्वेला उगवत असलेली रास म्हणजे लग्न. ती साधारण दोन तासांनी बदलते. सूर्योदयाला लग्न सूर्याच्याच राशीचं असतं, आणि त्या दिवसांत सूर्य तुळेत होता. 7.20 ही स्टँडर्ड वेळ धरली तर सूर्योदयाला पाऊण तासही झालेला नाही. लग्न तूळच, पण संपत आलेलं. मुंबई टाइम धरली तर स्टँडर्डने 7.59 होतात आणि तोवर वृश्चिक लग्न लागलेलं असतं. मंगळ तेव्हा मेषेत होता. तुळेपासून मेष सातवं स्थान, वृश्चिकेपासून सहावं. मंगळ पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी असला की दोष धरतात. सातवा म्हणजे मंगळी, सहावा म्हणजे नाही. एका घड्याळावर मुलगी मंगळी, दुसऱ्यावर बिनमंगळी!

(बारापैकी पाच स्थानं म्हणजे ढोबळमानाने शंभरात एकेचाळीस-बेचाळीस पत्रिका. म्हणजे मंगळ ही काही दुर्मीळ आपत्ती नव्हती. तरीही पत्रांमध्ये तिचा उल्लेख दर वेळी कुजबुजीच्या सुरात येतो.)

दुसरा मुद्दा एका वाक्याचा आहे. मेष ही मंगळाची स्वतःची रास. स्वराशीतल्या मंगळाचा दोष धरत नाहीत, हे आपण जाणताच. ही सवलत ज्योतिषांत सर्रास मानली जायची. म्हणजे सातवा धरला तरी वाट मोकळी होती. ‘आपण जाणताच’ हे शब्द त्याने नंतर वरती बारीक अक्षरात घुसवलेत. त्यांतला टोला ओळखा: माहीत असून तुम्ही मंगळ पुढे केलात.

इथे मी बापाच्या बाजूने वाहवत गेले, आणि तुम्हीही जाल. म्हणून उलट बाजू तपासायची. मंगळ चंद्रापासूनही मोजायची पद्धत आहे. अमावास्येला चंद्र सूर्याजवळच असतो, म्हणजे इथे तुळेतच. चंद्रापासून मंगळ सातवाच येतो आणि त्याला घड्याळाच्या 39 मिनिटांनी काही फरक पडत नाही. खर्ड्यात चंद्राचं नावही नाही. इतकं गणित कळणाऱ्या माणसाला हे सुचलं नसेल असं मला वाटत नाही. तो वकिली करतोय. आपल्या बाजूचं तेवढंच मांडतोय. पत्रातला युक्तिवाद बरोबर की चूक हे ठरवणं आपलं काम नाही. पण त्यात काय गाळलंय हे कळण्यापुरतं ते शास्त्र आपल्याला यावं लागतं, मग आपला त्यावर विश्वास असो वा नसो.

आता खोडलेला मजकूर. दोन ओळींवर तिरप्या रेघा आहेत, तरी कागद उजेडासमोर धरला की वाचता येतात. त्यांत तो विचारतो, अडचण मंगळाची आहे की हुंड्याच्या आकड्याची, ते एकदा स्पष्ट सांगावं. हे मोहात पाडणारं आहे. ‘मंगळ हे निमित्त, खरं कारण हुंडा’ असं लिहायला हात शिवशिवतो. थांबा. या ओळींवरून बापाचा संशय कळतो, वरपक्षाचं मन कळत नाही. ‘पत्रिका जुळत नाही’ हा सभ्य नकार होता हे खरं. दोन्हीकडची अब्रू राखून बोलणी मोडता यायची. पण प्रत्येक वेळी त्यामागे पैसाच होता असं धरलं, तर मंगळाला खरोखर भिणारी माणसं आपल्या इतिहासातून गायब होतात.

आणि वरपक्षाने इथे तो सभ्य नकारही नीट वापरला नाही. नुसतं ‘जुळत नाही’ न म्हणता मंगळाचं नाव घेतलं, तेही उघड्या कार्डावर. पोस्टमनपासून शेजाऱ्यापर्यंत कुणीही वाचावं. खर्ड्याचा शेवटचा परिच्छेद मला याच्याशी जोडलेला वाटतो. तिथे घड्याळ नाही, वाद नाही, आवाज एकदम खाली आलेला आहे. स्थळाचा आग्रह नाही असं तो लिहितो. फक्त दोन विनंत्या: पत्रिकेची नक्कल बंद पाकिटातून परत पाठवावी, आणि मंगळाची गोष्ट आपल्या मंडळींत बोलू नये, कारण मुलीच्या पाठच्या दोघी अजून लहान आहेत.

‘पाठच्या दोघी’ या जागी आधी ‘मुलीचे’ असं लिहिलं होतं. तो शब्द एकाच रेघेने खोडलाय.