बाळाचे दूध काढणे आणि घोगरे रडणे : दोन तक्रारी, दोन वेगळ्या चौकशा

दूध पिऊन झाल्यावर तान्ह्या बाळाच्या तोंडातून दुधाची गुळणी बाहेर येणे ही जवळजवळ प्रत्येक घरातली गोष्ट आहे. बाळाचे रडणे घोगरे, बसके येणे ही मात्र तितकी नेहमीची गोष्ट नव्हे. या दोन तक्रारी एकाच बाळात दिसल्या की ‘दुधाचे आम्ल घशाशी येते, म्हणून आवाज बसला’ असा सोपा तर्क लढविला जातो आणि दोन्हींवर एकच औषध सुरू होते. पहिल्या तक्रारीला बहुतेक वेळा औषध लागत नाही आणि दुसरीचे मूळ अनेकदा निराळ्याच ठिकाणी असते.

भांडुपच्या टेकडीवरील चाळवस्तीतले एक प्रातिनिधिक उदाहरण घेऊ. बाळ मुलगी, सात आठवड्यांची. सहाव्या आठवड्याची लस थोडी लांबली म्हणून आजी आणि आई तिला घेऊन दवाखान्यात आल्या आहेत. प्रत्येक पाजण्यानंतर ती दूध काढते, दिवसातून सात-आठ दुपटी बदलावी लागतात, ही आईची तक्रार. आजीची तक्रार वेगळी : ‘हिचा आवाज पहिल्यापासूनच जाडा आहे.’ शेजारच्या बाईने आपल्या नातवाला दिलेले आम्लपित्ताचे थेंब सुचविले आहेत. ते विकत आणलेले आहेत, अजून दिलेले नाहीत.

आधी दुधाचा हिशेब. अन्ननलिका जिथे जठराला मिळते, तिथे स्नायूंचे एक वलय असते. ते गिळताना उघडते आणि एरवी मिटलेले असते. तान्ह्या बाळात हे वलय मधूनमधून विनाकारण सैल पडते. त्यात बाळाचा आहार सगळा पातळ, जठर लहान आणि दिवसाचा बराच वेळ आडवे पडून जाणारा. त्यामुळे दूध वर येते. साधारणपणे हा प्रकार पहिल्या दोन महिन्यांत सुरू होतो, चौथ्या महिन्याच्या आसपास सर्वाधिक असतो आणि बाळ बसू लागले, घट्ट अन्न खाऊ लागले की ओसरतो. एक-सव्वा वर्षाच्या वयापर्यंत बहुसंख्य मुलांत तो पूर्ण थांबलेला असतो. नुकतेच प्यायलेले दूध जठरातील आम्ल बरेचसे शमविते, म्हणून पाजल्यानंतर लगेच येणारी गुळणी फारशी आंबट वा दाहक नसते, हेही लक्षात घेण्याजोगे आहे.

गुळणी किती मोठी दिसते यावर आजाराची तीव्रता ठरत नाही. दुपट्यावर चमचाभर दूध पसरले तरी ते वाटीभर वाटते. खरी साक्ष वजनकाट्याची. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे घटते, साधारण दहाव्या दिवसापर्यंत ते पुन्हा जन्माच्या वजनावर येते आणि पुढे पहिल्या तीन महिन्यांत रोज सुमारे २५ ते ३० ग्रॅमने वाढते. आपल्या उदाहरणातील मुलीचे जन्मवजन माता-बाल संरक्षण कार्डावर २ किलो ७०० ग्रॅम नोंदलेले आहे. आज ती ४९ दिवसांची आहे, म्हणजे वाढीचे दिवस ३९. तीस ग्रॅमने गुणले तर वाढ ११७० ग्रॅम व्हायला हवी. काट्यावर वजन भरले ३ किलो ९०० ग्रॅम. दूध पोटात टिकते आहे, असा याचा सरळ अर्थ.

मग इतकी दुपटी का भिजतात? विचारता कळते, की आईच्या दुधाबरोबर तिला बाटलीनेही डब्याचे दूध दिले जाते आणि बाटली १२० मिलिलिटरची, ती संपवायचीच असा घरचा आग्रह. या वयात केवळ डब्याच्या दुधावर असलेल्या बाळाला दिवसभरात वजनाच्या दर किलोमागे सुमारे १५० मिलिलिटर पुरते. म्हणजे ३.९ किलोला ५८५ मिलिलिटर आणि आठ वेळांत वाटले तर एका वेळी साधारण ७३ मिलिलिटर. अंगावरचे दूध मिळत असताना तर तेवढेही लागत नाही. जास्तीचे दूध गुळणीवाटे परत येते, इतकेच. यावर उपाय म्हणजे बाटली कमी करीत अंगावर पाजणे वाढविणे, मध्ये थांबून ढेकर काढणे आणि नंतर वीस-तीस मिनिटे बाळाला खांद्याशी उभे धरणे. झोपविताना मात्र पाठीवर आणि सपाट जागीच झोपवावे. उशी देऊन डोके उंच करणे किंवा झोळीत दुमडून ठेवणे यांनी गुळणी थांबत नाही, उलट हनुवटी छातीला टेकून श्वासमार्ग आवळला जाण्याचा धोका असतो.

आम्लरोधक थेंबांविषयी वैद्यकीय मत आता बरेच स्पष्ट आहे. युरोप आणि उत्तर अमेरिकेतील बालपोटविकारतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१८ साली संयुक्तपणे दिलेल्या मार्गदर्शनानुसार, वजन नीट वाढणाऱ्या बाळाच्या नुसत्या गुळणीसाठी किंवा रडण्यासाठी आम्ल कमी करणारी औषधे देऊ नयेत. आम्ल कमी झाले तरी दूध वर यायचे ते येतच राहते. शिवाय जठरातील आम्ल हे जंतूंविरुद्धचे पहिले कुंपण असते. ते काढून घेतल्यास जुलाब आणि न्यूमोनिया यांची शक्यता वाढते. एका बाळाचे उरलेले औषध दुसऱ्याला देण्याची शेजारधर्माची रीत इथे तरी सोडून दिलेली बरी.

इथपर्यंत आई निश्चिंत होते. पण आजीची तक्रार अजून तशीच आहे आणि या मुलीच्या बाबतीत तीच अधिक महत्त्वाची आहे.

आवाज स्वरयंत्रातील दोन पट्ट्यांच्या कंपनातून उमटतो. त्या पट्ट्या सुजल्या, जाड झाल्या, त्यांच्यावर काही वाढले किंवा त्यांपैकी एकीची हालचाल मंदावली, तर रडणे घोगरे किंवा क्षीण होते. रात्रभर रडलेल्या किंवा सर्दी-खोकला झालेल्या बाळाचा आवाज बसतो आणि काही दिवसांत सुटतो. बाळंतिणीच्या खोलीतील शेगडीच्या धुरीनेही घसा धरतो. ती बंद केल्यावर फरक पडतो का, हे घरीच पाहता येते. आम्ल वारंवार स्वरयंत्रापर्यंत पोहोचून आवाज बिघडू शकतो, हे खरे. परंतु ते निदान इतर कारणे तपासून झाल्यानंतरचे आहे. दुर्बिणीतून स्वरयंत्र लालसर दिसले, एवढ्यावरूनही ते पक्के होत नाही.

म्हणून पहिला प्रश्न : आवाज केव्हापासून असा आहे? आधी स्वच्छ असलेला आवाज नंतर बसला, की जन्मापासूनच घोगरा आहे? जन्मतः नळी घालून कृत्रिम श्वास दिलेल्या किंवा हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या बाळात स्वरपट्टीला वा तिच्या मज्जातंतूला इजा झालेली असू शकते. अशा बाळाचे रडणे क्षीण असते आणि दूध पिताना त्याला ठसका लागतो. आवाज आठवड्यागणिक अधिकच बसत चालला असेल, तर स्वरपट्टीवरील गाठींचा विचार करावा लागतो. या प्रकारांत कान-नाक-घसा तज्ज्ञ नाकातून बारीक लवचिक दुर्बीण घालून बाळ जागे असतानाच स्वरयंत्र पाहतात. तपासणी काही मिनिटांची असते. श्वास आत घेताना घरघर येते, पण रडणे मात्र खणखणीत आहे, असा प्रकार वेगळा. तो बहुधा स्वरयंत्राच्या वरच्या मऊ भागाचा असतो आणि वयाबरोबर सुधारतो.

भांडुपच्या मुलीत यांपैकी काही नाही. पण डॉक्टर पुढे विचारतात, तेव्हा एकेक गोष्ट बाहेर येते. कावीळ महिनाभर रेंगाळली होती. शौचास तीन-चार दिवसांनी होते. ती ‘फार शहाणी’ आहे, झोपूनच असते, पाजायला उठवावी लागते. बेंबी फुगलेली, जीभ जाडसर, हातपाय थंड. वजन ठीक असले तरी लांबी मात्र ५१.५ सेंटिमीटर, म्हणजे वयाच्या मानाने कमी. हे चित्र जठराचे नाही, गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचे आहे. ही ग्रंथी जन्मतः तयारच झाली नसेल किंवा अपुरे काम करीत असेल, तर स्वरपट्ट्या फुगून आवाज जाडा होतो. वजनाचा काटा इथे फसवतो, कारण सुस्त आणि किंचित सुजलेल्या बाळाचे वजन बरे भरू शकते.

रक्तातील टीएसएच आणि टी-फोर या दोन तपासण्यांनी निदान होते. या मुलीचा टीएसएच १०० च्या वर आला. त्याच दिवशी थायरॉक्सिनची गोळी सुरू झाली. मात्रा वजनाच्या दर किलोमागे रोज १० ते १५ मायक्रोग्रॅम असते, म्हणून तिला ५० मायक्रोग्रॅमची एक गोळी, चुरून आईच्या चमचाभर दुधातून. बाटलीत मिसळायची नाही, कारण बाटली संपली नाही तर मात्रा अपुरी जाते. लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या औषधाबरोबरही द्यायची नाही. पहिली फेरतपासणी एक-दोन आठवड्यांत होते. उपचार जन्मानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाले, तर मेंदूची वाढ उत्तम राखता येते. उशीर होईल तितके नुकसान वाढते आणि गेलेले सगळे भरून निघत नाही. सातवा आठवडा उशिराचाच. प्रसूतिगृहातून निघण्यापूर्वी टाचेतून रक्त घेऊन ही तपासणी करता येते, पण ती सर्वत्र होतेच असे नाही. ती झाली का, हे घरी जाताना कागदावर पाहून घ्यावे.

काही लक्षणांत मात्र लसीच्या तारखेची वाट पाहायची नाही. उलटी हिरवी असेल, तर तो तातडीचा प्रसंग आहे. हिरवा रंग पित्ताचा. आतड्याला पीळ पडला असल्यास काही तासांतच त्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो, म्हणून रात्रीचे दोन वाजले असले तरी बालशल्यचिकित्सेची सोय असलेल्या रुग्णालयातच जावे. भांडुपकरांसाठी शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय किंवा परळचे वाडिया बाल रुग्णालय ही त्यांतली परिचित नावे. दोन ते आठ आठवड्यांच्या वयात उलटी जोराने दूरवर उडू लागली आणि उलटीनंतर बाळ लगेच भुकेने रडू लागले, तर जठराचे पुढचे तोंड अरुंद झाल्याची शंका घेऊन त्याच दिवशी सोनोग्राफी करावी लागते. उलटीत रक्त, फुगलेले पोट, तीन महिन्यांच्या आतील बाळाला ताप, वर आलेली टाळू, पाजताना निळे पडणे, श्वास थांबणे, रडण्याबरोबर छाती खोल ओढली जाणे, यांतही थांबू नये. वजन न वाढणे, शौचातून रक्त जाणे किंवा दूध काढणे सहा महिन्यांनंतर प्रथमच सुरू होणे, यांसाठी एक-दोन दिवसांत बालरोगतज्ज्ञांची भेट घ्यावी. सर्दीवाचून आठवडाभराहून अधिक टिकलेल्या किंवा जन्मापासूनच्या घोगऱ्या आवाजासाठीही तेच.

गुटीबरोबर मध चाटविण्याची पद्धत घरात असेल, तर तेही डॉक्टरांना सांगावे. एक वर्षाच्या आत मधातून क्वचित असा जंतू पोटात जातो, की त्याच्या विषाने बाळ ढिले पडते, शौचास होत नाही आणि रडणे क्षीण होते.

तपासणीला जाताना वजनाच्या नोंदींचे कार्ड, प्रसूतिगृहाचा कागद आणि दिले गेलेले प्रत्येक औषध, गुटीसकट, बरोबर न्यावे. मोबाइलवर बाळाचे रडणे आणि एखादे पाजणे चित्रित करून ठेवावे, कारण दवाखान्यात पोहोचेपर्यंत बाळ बहुधा शांत झोपलेले असते. उलटीच्या रंगाविषयी शंका असेल, तर डाग पडलेले दुपटे न धुता पिशवीत घालून न्यावे.