मृत जन्मलेले किंवा जन्मानंतर लगेच गेलेले बाळ : विधी, कागदपत्रे आणि घरच्यांची साथ

सिल्वासात आपल्यातली बरीच कुटुंबे नोकरीनिमित्त आली आणि इथेच स्थायिक झाली. सासर-माहेरची जाणती माणसे धुळे, जळगाव, नाशिक किंवा कोकणात. अशा घरात बाळ पोटातच गेले किंवा जन्मून काही तासांत गेले, तर काय करायचे ते सांगणारे जवळ कोणी नसते आणि निर्णय मात्र त्याच रात्री घ्यावे लागतात. दवाखान्यात शेजारच्या खाटेवर मुसलमान, ख्रिस्ती किंवा वारली कुटुंबही त्याच प्रसंगातून जात असते. म्हणून निरनिराळ्या धर्मांत काय करतात, सरकारी नोंद कशी होते आणि आईबापांना आधार कसा द्यावा, याची माहिती इथे एकत्र दिली आहे.

हिंदू कुटुंबांत

आपल्याकडे लहान बाळाला अग्नी देत नाहीत, पुरतात. मनुस्मृती आणि याज्ञवल्क्यस्मृती या दोन्हींत दोन वर्षांच्या आतल्या मुलाला भूमीत ठेवावे, असे सांगितले आहे. अस्थिसंचय आणि तिलांजली त्याला नसते. दशक्रिया, पिंडदान, वर्षश्राद्ध हेही प्रथेने करत नाहीत. त्यामागची समजूत अशी की या जिवावर अजून संस्कार झालेले नाहीत, त्यामुळे त्याच्यामागे फेडण्यासारखे काही उरलेले नाही.

विधी थोडाच असतो. बाळाला कोमट पाण्याने पुसून स्वच्छ पांढऱ्या किंवा नव्या कापडात गुंडाळतात, तोंडाला गंगाजळ आणि तुळशीचे पान लावतात. खड्डा कमरेइतका तरी खोल असावा. बरेच लोक त्यात मीठ घालतात. माती दाबून वर मोठे दगड किंवा काटेरी फांद्या ठेवतात, म्हणजे कुत्री-कोल्ही उकरत नाहीत. खड्डा उथळ राहिला तर नेमका तोच त्रास होतो. जागा स्मशानभूमीच्या रखवालदाराला विचारून ठरवावी. दमणगंगेच्या अगदी काठावर पुरू नये, कारण पावसाळ्यात पाणी चढले की काठ खचतो. लिंगायत कुटुंबांत मोठ्या माणसांनाही पुरतात, त्यामुळे त्यांच्याकडे बाळाचा विधी वेगळा वाटत नाही.

सुतकाबद्दल घरोघर मतभेद होतात. पाराशरस्मृतीत चौथ्या महिन्यापर्यंत गर्भस्राव, पाचव्या-सहाव्यात गर्भपात आणि त्यापुढे प्रसूती असे तीन भाग केले आहेत. म्हणून सातव्या महिन्यापासून पुढे मृत बाळ जन्मले तरी दहा दिवस पाळायची रीत आहे. त्याआधी गेले तर जितके महिने तितक्या रात्री आईने पाळाव्यात, असे मनुस्मृती सांगते. पुढे प्रत्येक कुळाचा आचार निराळा. आपल्या गुरुजींना फोन करून विचारले तर पाच मिनिटांत उत्तर मिळते.

बौद्ध, मुसलमान, ख्रिस्ती आणि आदिवासी कुटुंबांत

बौद्ध कुटुंबांत सुतक मानत नाहीत. बाळाला पुरताना किंवा नंतर घरी त्रिशरण-पंचशील घेतात. सोयीच्या दिवशी भन्ते किंवा बौद्धाचार्य बोलावून पुण्यानुमोदन करतात.

मुसलमानांत पहिला प्रश्न असतो तो बाळ जन्मताना जिवंत होते का, हा. रडले, श्वास घेतला किंवा हालले असेल तर नाव ठेवून गुस्ल, कफन आणि जनाज्याची नमाज हे सगळे मोठ्या माणसासारखे होते. मृत जन्मले असेल तर आंघोळ घालून स्वच्छ कापडात गुंडाळून दफन करतात. हनफी आणि शाफई परंपरेत अशा बाळासाठी जनाज्याची नमाज नसते. हनबली परंपरेत गर्भ चार महिन्यांचा झाला असेल तर असते. दफन शक्य तितक्या लवकर करतात, म्हणून दवाखान्यातून कागद लवकर मिळणे त्यांना फार गरजेचे असते. शोक तीन दिवसांचा. डोळ्यांत पाणी येण्याला मनाई नाही. पैगंबरांचा तान्हा मुलगा इब्राहिम गेला तेव्हा ते स्वतः रडले होते.

कॅथलिकांत बाप्तिस्मा जिवंत बाळालाच देतात. बाळ अत्यवस्थ असेल आणि धर्मगुरू वेळेत पोचणार नसतील, तर नर्स किंवा कोणीही माणूस बाळाच्या डोक्यावर पाणी ओतून नेमके शब्द उच्चारत बाप्तिस्मा देऊ शकतो. मृत जन्मलेल्या बाळाला बाप्तिस्मा नसतो, पण आईबापांची तशी इच्छा होती हे सांगितले तर बिशपांच्या परवानगीने चर्चमध्ये अंत्यविधी होतो. बाप्तिस्म्याशिवाय गेलेले बाळ लिंबोत अडकते, अशी जुनी समजूत अनेक आयांना छळते. व्हॅटिकनच्या धर्मशास्त्रीय आयोगाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या निवेदनात अशा बाळांच्या तारणाची आशा बाळगायला सबळ कारणे आहेत, असे म्हटले आहे.

वारली, कोकणा, धोडिया कुटुंबांत काय करायचे ते पाड्यातली वडीलधारी माणसे आणि भगत ठरवतात. शेजारी म्हणून आपण त्यांनाच विचारावे आणि पाड्यावर जायला गाडी मिळवून द्यावी. बहुतेक वेळा अडचण तीच असते.

पहिले चोवीस तास : एक उदाहरण

समजा, नरोली रस्त्यावर भाड्याने राहणारे धुळ्याकडचे एक जोडपे आहे. पस्तिसाव्या आठवड्यात बाळ हालेनासे झाले, सोनोग्राफीत ठोके नाहीत. कळा आणायला एक दिवस गेला आणि रात्री दोनला बाळ जन्मले. गावाहून आत्याबाईंचा फोन येतो, "तिला दाखवू नका, उजाडायच्या आत पुरून या." नवरा गोंधळलेला, आई गुंगीत.

इथे घाई करू नये. कोणत्याही धर्मात आईला बाळ दाखवू नये असा नियम नाही. ती जागी झाल्यावर तिलाच विचारावे, "बाळाला बघायचंय का? आत्ता नको असेल तर थोड्या वेळाने विचारते." ती नाही म्हणाली तर आग्रह धरू नये, हो म्हणाली तर कोणी अडवू नये. बाळाच्या त्वचेचा रंग बदललेला असू शकतो, ओठ गडद असतात, ते आधी सांगून ठेवावे. नर्सला सांगून बाळ गार खोलीत ठेवले तर काही तास थांबता येते. एक फोटो आणि पायाचा शाईचा ठसा नवऱ्याने किंवा भावाने घेऊन ठेवावा. आईला आज तो नको असेल तरी जपून ठेवावा, कारण नंतर हवा वाटला तर तो पुन्हा मिळवता येत नाही.

मग दुपारी बाप आणि मामा जाऊन पुरून येतात. आईचे सिझेरियन झाले असेल किंवा घरच्या रीतीमुळे ती जात नसेल, तर जागा कोणती, कापड कोणते, मीठ घातले का, हे घरी येऊन तिला नीट सांगावे. "झालं सगळं" एवढे सांगून विषय संपवला तर तिला पुढे वर्षानुवर्षे आपले बाळ कुठे आहे हेच कळत नाही. नाव ठरले असेल तर ते घरात घ्यायला हरकत नाही. बारसे झाले नाही म्हणून नाव परत घ्यावे लागत नाही.

बाळ फार लवकर, पाचव्या महिन्याच्या आत गेले असेल तर एक काळजी घ्यावी. जगण्याइतकी वाढ न झालेला गर्भ नियमाप्रमाणे वैद्यकीय कचऱ्यात धरला जातो. तो ताब्यात हवा असेल तर प्रसूतीच्या आधीच डॉक्टरांना तसे सांगून लेखी अर्ज द्यावा.

नोंद आणि रजा

२८ आठवडे पूर्ण झाल्यावर मृत जन्मलेल्या बाळाची नोंद मृतजन्म म्हणून वेगळ्या नमुन्यात होते. बाळाने एक श्वास जरी घेतला असेल तरी तो जिवंत जन्म ठरतो आणि मग जन्म व मृत्यू अशा दोन नोंदी लागतात. दवाखान्यात झाले असेल तर नोंद कळवणे दवाखान्याचे काम, घरी झाले असेल तर कुटुंबप्रमुखाचे. मुदत २१ दिवसांची. दवाखाना सोडताना मिळालेल्या कागदावर आठवडे आणि "मृत" की "जिवंत" हे बरोबर लिहिले आहे का, तेवढे वाचून घ्यावे. त्यावरच पुढचे सगळे चालते.

कारखान्यात काम करणाऱ्या भगिनींनी हे लक्षात ठेवावे : ईएसआयच्या तरतुदींत २६ आठवड्यांनंतरची प्रसूती बाळ जिवंत असो वा मृत, प्रसूतीच धरली जाते. प्रसूती लाभाच्या तरतुदींतही "मूल" या शब्दात मृत जन्मलेले मूल येते. त्याआधी गर्भ गेला तर सहा आठवड्यांची रजा आहे. "मूल नाही, मग रजा कशाची?" असे कोणी म्हणाले तर कागद दाखवावा.

आईचे शरीर

बाळ नसले तरी दूध येते, बहुधा दुसऱ्या ते पाचव्या दिवशी. याची कल्पना आधी दिली नाही तर तो मोठा धक्का बसतो. छाती घट्ट बांधू नये, गाठी होतात. आधार देणारी सैलसर ब्रा, गार पाण्याच्या पट्ट्या आणि फार ताठरले तर थोडेसे दूध पिळून काढणे, एवढ्याने आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरते. दूध थांबवायची गोळी असते, पण रक्तदाब वाढलेला असेल तर ती चालत नाही, म्हणून डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डीचे इंजेक्शन लागते का ते लगेच विचारावे. ते ७२ तासांच्या आत द्यायचे असते. ताप, दुर्गंधी स्राव किंवा तासाला पॅड भिजेल इतका रक्तस्राव झाला तर सरळ दवाखाना गाठावा.

आपण काय करावे

भेटायला जाताना डबा न्यावा आणि थोडा वेळ बसावे. "फार वाईट झालं, वहिनी" एवढे पुरे. "पुढच्या वेळी होईल", "देवाची इच्छा", "जड काही उचललं होतंस का?" ही वाक्ये टाळावीत. शेवटचे तर नक्कीच, कारण बहुतेक वेळा आईच्या हातून काहीही चुकलेले नसते आणि ती आधीच स्वतःला दोष देत असते. पाळणा, दुपटी, झबली तिला न विचारता उचलू नयेत. बापालाही विचारावे. तो कागद, स्मशान आणि फोन यांत गुंतलेला असतो आणि त्याला बसून रडायला वेळच मिळालेला नसतो.

पुढे संक्रांतीचे हळदीकुंकू किंवा शेजारचे डोहाळजेवण आले की आपल्याकडे तिला गुपचूप वगळतात. तिला वाईट वाटू नये म्हणून असे म्हणतात, पण तिला कळते ते एवढेच की आपण अशुभ ठरलो. आमंत्रण द्यावे आणि "मन झालं तर ये, नाही आलीस तरी चालेल" असे सांगावे. यायचे की नाही ते तिला ठरवू द्यावे.

काही आठवड्यांनंतरही तिची झोप उडालेली असेल, खाणे सुटले असेल, किंवा "मीही जाते बाळाकडे" असे ती बोलत असेल, तर एकटे सोडू नये आणि डॉक्टरांकडे न्यावे. सरकारच्या टेलिमानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो फोन नवऱ्यालाही करता येतो.