पाथरवटांची सही : भोजपूरच्या अपुऱ्या मंदिराची साक्ष

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असे मराठीत म्हणतात. देवपण आले की ते घाव दिसेनासे होतात. पूर्ण झालेल्या मंदिराची भिंत घासून गुळगुळीत झालेली असते आणि ती कोणी, कशी व कोणत्या क्रमाने उभारली याच्या खुणा शेवटच्या हाताबरोबर पुसल्या जातात. म्हणून बांधकामाचा इतिहास वाचायचा असेल, तर अपुरे राहिलेले मंदिर अधिक बोलके ठरते. भोपाळपासून सुमारे अठ्ठावीस किलोमीटरवर, बेतवेच्या काठी असलेले भोजपूरचे शिवमंदिर हे याचे भारतातील एक उत्तम उदाहरण आहे.

परंपरा हे मंदिर धारचा परमार राजा भोज याच्या नावाशी जोडते. त्याची कारकीर्द अकराव्या शतकाच्या पूर्वार्धातली. गर्भगृहात प्रचंड शिवलिंग आहे आणि छताचा भार पेलणारे चार स्तंभ सुमारे बारा मीटर उंचीचे आहेत. स्तंभांची शीर्षे आणि घुमटाची आतील बाजू बारकाईने कोरलेली आहे. बाहेरच्या भिंती मात्र जवळजवळ कोऱ्याच आहेत. काम कशामुळे थांबले याचा लेख मागे राहिलेला नाही. पण थांबलेल्या क्षणी काम कोठवर आले होते, हे दगडच सांगतात.

या दगडांवर कारागिरांच्या तेराशेहून अधिक खुणा नोंदल्या गेल्या आहेत. चक्र, मधून दुभागलेले चक्र, अनेक आऱ्यांचे चाक, त्रिशूळ, स्वस्तिक, शंख, कोठे नागरी लिपीतील अक्षरे, तर कोठे चक्क नावे. अशी सुमारे पन्नास नावे आढळतात. या खुणा शोभेसाठी नाहीत. त्या हिशेबासाठी आहेत, असे अभ्यासक मानतात. कोणत्या माणसाने, कुटुंबाने किंवा श्रेणीने किती दगड घडवले हे मोजून मोबदला द्यावयाचा असेल, तर दगडावर घडवणाऱ्याची ओळख हवी. जो लिहू शकत नाही, त्याची ओळख त्रिशूळ किंवा शंख. दगड स्वीकारला गेला, हिशेब झाला, की खुणेचे काम संपले. अखेरची घासणी झाली असती तर ती नाहीशी झाली असती. ती घासणी झालीच नाही, म्हणून खुणा उरल्या.

मात्र खुणांची संख्या म्हणजे कारागिरांची संख्या नव्हे. एकाच माणसाने शेकडो दगडांवर एकच चिन्ह कोरले असेल. उलट एकच चिन्ह बापाकडून मुलाकडे गेले असेल किंवा साऱ्या टोळीचे मिळून एकच असेल. म्हणून जाणकार वाचक चिन्हे मोजण्यावर थांबत नाही. ती कोठे आढळतात ते पाहतो. एकच चिन्ह भिंतीच्या एका भागात दाटीने असेल, तर त्या टोळीला तो भाग वाटून दिला असावा. तेच चिन्ह खालच्या थरांत आणि वरच्या थरांतही दिसले, तर ती टोळी कामावर टिकून होती. खालच्या थरांतली चिन्हे वर अजिबात दिसत नसतील, तर माणसे बदलली किंवा मध्ये खंड पडला, असा तर्क करता येतो. तर्कच, पुरावा नव्हे. कारण एरवी झिजून गेलेली खूण आणि कधी कोरलीच न गेलेली खूण यांत फरक करणे अवघड असते.

क्रम ठरवण्याचे अधिक भक्कम साधन म्हणजे खुणेची जागा आणि टाकीचे घाव यांचा परस्परसंबंध. दोन थरांच्या मध्ये दडणाऱ्या पृष्ठावरची खूण दगड बसवण्यापूर्वीच केलेली असणार. नंतर तेथे हात पोचूच शकत नाही. अक्षर उलटे बसले असेल, तर दगड आधी घडला आणि मग जागेवर चढला. दोन दगडांच्या सांध्यावरून सलग गेलेली रेघ मात्र बसवल्यानंतरचीच. आणि एखाद्या चिन्हाचा अर्धा भाग टाकीच्या चरांनी खाल्ला असेल, तर ती घडाई चिन्हानंतरची आहे, हे उघड होते.

टाकीचे घावही सारखे नसतात. टोकदार टाकीने दगड उतरवला की समांतर, खडबडीत चर उमटतात. कडेला चपट्या छिन्नीने आधी एक सपाट पट्टी काढून घेतली जाते आणि त्या पट्टीला जुळवून मधला भाग खाली आणला जातो. शेवटी घासणी होते. एखाद्या दगडावर चपटी कड आहे आणि मधला भाग अजून टोकदार टाकीच्या चरांनी भरलेला आहे, तर तो दगड नेमक्या कोणत्या पायरीवर थांबला ते समजते. शेजारच्या दोन दगडांवरील चरांची दिशा आणि खोली वेगळी असेल, तर दोन वेगळ्या हातांनी काम केले असण्याची शक्यता बळावते.

भोजपूरला हा पुरावा मंदिरापाशी संपत नाही. जवळच्या खाणींत अर्धवट घडलेले भाग पडून आहेत. आसपासच्या सपाट खडकांवर मंदिराच्या अंगांची रेखाचित्रे कोरलेली आहेत. त्यांतली काही प्रत्यक्षात कधी उभी न राहिलेल्या भागांची आहेत. स्थापत्यविषयक ‘समराङ्गणसूत्रधार’ हा ग्रंथ भोजाच्याच नावावर आहे. अॅडम हार्डी यांनी तो ग्रंथ आणि हे खडकांवरचे आराखडे शेजारी ठेवून अभ्यासले आहेत.

मंदिरालगत आणखी एक मोठी साक्ष उभी आहे : दगडी फरशा, माती आणि वाळू यांचा उतार. अवजड शिळा याच चढावरून वर ओढून नेल्या जात. काम संपले असते तर पहिल्यांदा तो खोदून काढला असता. तो जागेवर आहे, म्हणजे वरच्या भागाला अजून दगड चढवायचे होते. चौथरा, भिंती आणि स्तंभ उभे झाले, छताचे काम चालू होते, आणि बाहेरची घासणी व अलंकरण बाकी होते, हा क्रम उतार आणि न पुसलेल्या खुणा मिळून सांगतात.

त्या चढावरून काय ओढले गेले असेल, याचा अंदाज अलीकडच्या एका घटनेवरून येतो. २००६-०७ च्या सुमारास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने के. के. मुहम्मद यांच्या देखरेखीखाली येथे दुरुस्ती हाती घेतली, तेव्हा आग्र्याजवळून आणलेल्या सुमारे तीस टनांच्या एका दगडातून बारा मीटरचा नवा स्तंभ घडवण्यात आला. पुरेशी लांब क्रेन मिळाली नाही. कप्प्या आणि तरफांच्या योजनेनेच तो उभा करावा लागला.

अशा खुणांचा शत्रू काळापेक्षाही सदिच्छा हाच अधिक असतो. जुना दगड ‘स्वच्छ’ करण्यासाठी जोरात घासला, त्यावर चुना फासला किंवा रंग काढताना तारेचा ब्रश फिरवला, तर मूर्ती शाबूत राहते. पण दोन मिलिमीटर खोलीचा शंख जातो. हजार वर्षांपूर्वी न झालेली शेवटची घासणी मग आपल्या हातून होते.

भोजराजाचे नाव परंपरेने जपले. चक्र आणि त्रिशूळ कोरणाऱ्यांची आठवण मात्र केवळ काम अपुरे राहिल्यामुळे उरली; त्यांच्या मेहनतान्याचा हिशेब त्या भिंतीवर अजून तसाच मांडलेला आहे.