एकाच नावाचे रस्ते, वेगवेगळे पिन कोड : मुंबईतील पत्त्यांची पडताळणी

मुंबईत महात्मा गांधी मार्ग हे नाव फोर्ट, घाटकोपर, मुलुंड, गोरेगाव आणि कांदिवली अशा अनेक ठिकाणी आढळते. त्यामुळे दोन नोंदींमध्ये रस्त्याचे नाव एकच आणि पिन कोड मात्र भिन्न असेल, तर प्रथम एका प्रश्नाचा निर्णय करावा लागतो. हा एकच लांब रस्ता दोन टपाल विभागांतून जातो, की एकाच नावाचे हे दोन स्वतंत्र रस्ते आहेत?

सहा अंकी पिन कोड पद्धती १५ ऑगस्ट १९७२ रोजी अमलात आली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातील अधिकारी आणि संस्कृत कवी होते. या कोडातील पहिले तीन अंक टपालाच्या वर्गीकरणाचा जिल्हा दाखवतात, तर शेवटचे तीन अंक वाटप करणारे टपाल कार्यालय. मुंबईचे पहिले तीन अंक ४०० आहेत. त्यापूर्वीही शहरात विभाग क्रमांक प्रचलित होते आणि तेच नव्या कोडाच्या शेवटी आले. म्हणून जुन्या कागदपत्रांतील 'मुंबई-७७' म्हणजे आजचा ४०० ०७७, असे सहसा वाचता येते.

पिन कोड वाटपाची हद्द सांगतो, रस्त्याची नव्हे. फोर्टमधील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा पत्ता १५९-१६१, महात्मा गांधी मार्ग, ४०० ०२३ असा दिला जातो. लगतच्या जहांगीर कलादालनाचा पत्ता मात्र १६१-ब, महात्मा गांधी मार्ग, ४०० ००१ असा आहे. केवळ पिन कोड पाहणारा या दोन वास्तू वेगवेगळ्या रस्त्यांवर असल्याचे समजेल. घरक्रमांकांचा सलग क्रम आणि काळा घोडा परिसराचा उल्लेख यांवरून रस्ता एकच असल्याचे स्पष्ट होते.

याउलट उदाहरण घाटकोपर आणि मुलुंडचे आहे. समजा, एका यादीत '१२, महात्मा गांधी मार्ग, ४०० ०७७' आणि दुसऱ्या यादीत '१२, महात्मा गांधी मार्ग, ४०० ०८०' अशी नोंद आहे. घरक्रमांकही जुळत असल्याने एकीतील पिन कोड चुकला असावा, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु पहिला कोड घाटकोपर पूर्वचा, तर दुसरा मुलुंड पश्चिमेचा आहे. या दोन स्थानकांच्या दरम्यान विक्रोळी, कांजुरमार्ग, भांडुप आणि नाहूर ही स्थानके येतात. रस्ता एकच असता, तर मधल्या विभागांतही त्याच मार्गाचे सलग पत्ते आढळले असते. तसे आढळत नाहीत, शिवाय एक पत्ता लोहमार्गाच्या पूर्वेस आणि दुसरा पश्चिमेस आहे. म्हणून या नोंदी वेगळ्याच ठेवाव्या लागतात.

हीच कसोटी लाल बहादूर शास्त्री मार्गास लावल्यास उत्तर बदलते. त्या मार्गाचे पत्ते कुर्ल्यात ४०० ०७०, घाटकोपर पश्चिमेस ४०० ०८६, विक्रोळीत ४०० ०८३, भांडुपमध्ये ४०० ०७८ आणि मुलुंडमध्ये ४०० ०८० असे साखळीने मिळतात. अंक चढत्या क्रमाने नसले, तरी विभाग एकमेकांस लागून आहेत. त्यामुळे कोडांतील अंकांचे अंतर पाहून जवळीक ठरवू नये. नकाशावरील लगतपणा पाहावा. सांताक्रूझ पश्चिमेचा ४०० ०५४ आणि पूर्वेचा ४०० ०५५ हे कोड पाठोपाठचे आहेत, पण त्यांच्यामध्ये लोहमार्ग आहे.

तरीही संदेह उरल्यास महानगरपालिकेचा प्रभाग आणि नगर भूमापन क्रमांक पाहावा. फोर्ट 'ए' प्रभागात, घाटकोपर 'एन' प्रभागात, तर मुलुंड 'टी' प्रभागात येते. भूमापन क्रमांकासोबत मूळ गावाचे अथवा विभागाचे नाव असते, आणि ते रस्त्याच्या नावाप्रमाणे बदलत नाही. मिळकत पत्रिकेवरील ही नोंद दोन्ही पत्त्यांसाठी मिळाली, तर निर्णय निश्चित होतो.

या पडताळणीस एक मर्यादा आहे. टपाल विभागांची पुनर्रचना झाली, की त्याच इमारतीचा कोड बदलू शकतो. गोरेगाव पश्चिमेच्या पत्त्यांत ४०० ०६२ आणि ४०० १०४ हे दोन्ही कोड आढळतात. अशा वेळी पिन कोडातील फरक हा स्थळातील फरक नसून नोंदीच्या काळातील फरक असू शकतो. म्हणून प्रत्येक नोंदीचे वर्ष तपासल्याशिवाय ती वेगळी अथवा चुकीची ठरवू नये. मूळ नोंद न पुसता तिच्यापुढे उपनगराचे नाव, पूर्व किंवा पश्चिम, आणि आजचा कोड लिहिणे अधिक सुरक्षित ठरते.